पोलवर मतं शेकडो, डबा एकही नाही: मानेवाडा रोडवरच्या एका पेंट दुकानाची केस

दुकान नागपुरातल्या मानेवाडा रोडवरचं आहे. पुढे पुट्टी-प्रायमरच्या थप्प्या, भिंतीवर ब्रश-रोलर टांगलेले, मागे टिंटिंग मशीन, म्हणजे नेहमीचं पेंटचं दुकान. दादा काउंटर सांभाळतात, वहिनींनी इंटिरियरचा डिप्लोमा केलाय म्हणून कलर कन्सल्टेशन त्यांच्याकडे, आणि दुकानाचं इन्स्टाग्राम मी बघतो. कन्सल्टेशन म्हणजे वहिनी घरी येतात, खोल्या बघतात, शेड ठरवून देतात, त्याचे पाचशे रुपये घेतात आणि रंग दुकानातून घेतला की ते पाचशे बिलातून वजा होतात. फुकट ठेवून बघितलं होतं त्यांनी आधी, तेव्हा लोक चार दुकानांच्या चार बायांना, चार दादांना बोलावून घ्यायचे आणि रंग शेवटी पेंटर म्हणेल तिथूनच यायचा.

तर अडचण काय होती ते आधी सांगतो. स्टोरीवर पोल चालत होते, मस्त चालत होते, आणि दुकानात त्यातलं कोणी येत नव्हतं.

गणपतीच्या आधी स्टोरीत जे जात होतं ते सगळेच पेंटवाले करतात तेच. दोन बेडरूमचे झकास फोटो शेजारी शेजारी, खाली पोल, ‘हा का तो?’, मस्टर्ड का टील, बॉटल ग्रीन का टेराकोटा. मतं धडाधड पडायची. एका रात्री दादांना घेऊन बसलो आणि मत देणाऱ्यांची नावं एकेक उघडून बघितली, कारण पोलमध्ये बघणाऱ्याला फक्त टक्के दिसतात पण अकाउंटवाल्याला कोणी काय निवडलं ते नावानिशी दिसतं, आणि बहुतेक दुकानवाले ते उघडतच नाहीत. यादीत कोण होतं? कॉलेजची पोरं, पुण्या-बंगलोरला नोकरीला गेलेले आपलेच नागपूरकर, वहिनींच्या मैत्रिणी, दुसऱ्या गावचे पेंट डीलर. घर असलेला, भिंत असलेला, पैसे घेऊन बसलेला माणूस शोधावा लागत होता.

आणि अजून एक गंमत. पोलमध्ये जिंकायचे ते सगळे गडद रंग, काउंटरवर विकले जायचे ते ऑफव्हाइट, क्रीम आणि हलके ग्रे. दादा म्हणाले, "मत द्यायला काय जाते बे, भिंतीकडे रोज बघायचं असते तेव्हा माणूस क्रीमवरच येतो." खरंच आहे ते. वर गडद शेडचा खर्चही वेगळा. ते डीप बेसमध्ये बनतात, कलरंट जास्त जातो, आणि पिवळे-लाल तर झाकतच नाहीत नीट, दोन हातांत खालचं दिसत राहतं मग तिसरा हात मारावा लागतो. म्हणजे पोलमध्ये ज्या रंगाला पब्लिक डोक्यावर घेत होतं तोच रंग गिऱ्हाइकाला बिल बघून नको वाटायचा.

मग प्रश्न बदलला. रंगाबद्दल विचारणं बंद, बघणाऱ्याच्या घराबद्दल विचारणं सुरू. पहिला पोल असा होता: ‘या दिवाळीआधी घराला रंग काढताय का?’ आणि चार पर्याय, ‘हो, ठरलंय’, ‘विचार चालू आहे’, ‘पुढच्या वर्षी’, ‘नुसतं बघतोय’. शेवटचा पर्याय मुद्दाम ठेवला, कारण तो नसला की टाइमपासवालेही ‘विचार चालू आहे’ वर बोट मारतात आणि यादी घाण होते. आणि प्रश्नाखाली बारीक अक्षरात एक ओळ, ‘पहिले दोन निवडलेत तर आम्ही मेसेज करू’. ही ओळ मला महत्त्वाची वाटते. आपण काय निवडलं ते दुकानाला नावासकट दिसतं हे खूप जणांना माहीतच नसतं, आणि मत दिल्यावर अचानक मेसेज आला की माणूस दचकतो, काही जण ब्लॉकही करतात. आधीच सांगितलं की मत देणारे कमी होतात, पण जे देतात ते मेसेजची वाटच बघत असतात.

मतं आधीच्या पोलच्या निम्मीही पडली नाहीत. दादांचा चेहरा उतरला होता. पण पहिल्या पर्यायात चाळीसेक नावं होती आणि त्यातली बरीचशी दक्षिण नागपुरातली, बेसा, मनीषनगर, हुडकेश्वर, म्हणजे दुकानाचा टेम्पो जिथे जातो तिथली.

ही नावं स्टोरी चालू असतानाच वहीत उतरवून घ्यायची. चोवीस तासांनी स्टोरी जाते, नंतर आर्काइव्हमध्ये स्टोरी सापडते पण कोणी बघितली ते कायम दिसत राहत नाही, त्यामुळे उद्या बघू म्हणणं इथे महागात पडतं.

मेसेजही ठरवून लिहिला. रेट लिस्ट नाही, ऑफर नाही, फुलांचे इमोजी नाहीत. ‘नमस्कार, दिवाळीआधी रंग काढणार असं तुम्ही काल सांगितलंत. कोणती खोली आधी करायची आहे, आणि तिची मोठी खिडकी किंवा बाल्कनी कोणत्या दिशेला आहे?’ बस. दिशा विचारायचं कारण असं की तिच्यावर अर्धी शेड ठरते, आणि दुसरं म्हणजे हा प्रश्न विचारणारं दुकान गिऱ्हाइकाला आजवर भेटलेलं नसतं, बाकी सगळे ‘किती स्क्वेअर फूट’ हेच विचारतात. एकाच मजकुराचे तीस-चाळीस मेसेज एका दमात पाठवू नका मात्र, इन्स्टाग्रामला ते स्पॅम वाटतं आणि अकाउंटवर बंधनं येतात. आम्ही पाच-सहा करून थांबायचो, त्यातही नाव आणि एखादा शब्द बदलायचो. आणि जो आपल्याला फॉलो करत नाही त्याला पाठवलेला मेसेज त्याच्या रिक्वेस्टमध्ये पडतो, तिथे कोणी बघत नाही, त्याच्यामागे वेळ घालवायचा नाही.

आता ज्या घरावरून मला ही सगळी गोष्ट नीट कळली ते घर सांगतो. मनीषनगरचा फ्लॅट, तिथल्या ताई. त्या पोलमधून नाही आल्या, क्वेश्चन स्टिकरमधून आल्या, म्हणजे स्टोरीवरच्या ज्या चौकटीत बघणारा स्वतः लिहून पाठवतो त्यातून.

क्वेश्चन स्टिकर आधी आम्ही ‘रंगाबद्दल काहीही विचारा’ असं लावायचो आणि येणारे प्रश्न दोनच प्रकारचे असायचे, ‘हॉलला कोणता कलर चांगला दिसन’ आणि ‘रेट काय’. दोन्हींना उत्तर देता येत नाही, देऊ पण नये. म्हणून स्टिकरचा मजकूर बदलला, ‘तुमच्या घरातली कोणती भिंत तुम्हाला आवडत नाही आणि का?’ यावर लोक अक्षरशः पोटातलं बोलतात. ‘टीव्हीच्या मागची, पोट्ट्यांनी पेन्सिलने भरली’, ‘किचनची, फोडणीचे डाग जात नाही’, ‘जिन्याची, बिल्डरने चुना मारून दिला’. प्रत्येक उत्तरात खोली आहे, कारण आहे, आणि काय विकता येईल तेही आहे. किचनवाल्याला धुता येणारा इमल्शन, जिन्यावाल्याला आधी खरवडणं, प्रायमर, मग रंग. रंगाची चर्चा न करताच.

ताईंनी लिहिलं होतं, ‘हॉलची. क्रीम आहे, मळकट दिसते. ग्रे लावायचा आहे पण सासूबाई म्हणतात अंधार होईल. बाल्कनी पश्चिमेला.’

हे उत्तर स्टोरीवर शेअर केलं. शेअर करताना विचारणाऱ्याचं नाव दिसत नाही, ते बरं आहे, पण मजकुरात सोसायटीचं नाव वगैरे असेल तर ते आपणच बघायचं. वहिनींनी दुकानातच उभं राहून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ केला. ग्रे म्हणजे एक रंग नाही, कुठल्या ग्रेमध्ये निळा असतो, कुठल्यात जांभळा, कुठल्यात मातीचा रंग, आणि हे पट्टीवर कळत नाही, दोन ग्रे शेजारी ठेवले की कळतं. मग पश्चिमेच्या हॉलचं सांगितलं. सकाळभर तिथे ऊन नसतं, आभाळाचा थंड उजेड येतो, त्यात निळसर ग्रे आजारी दिसतो. चार वाजल्यावर ऊन सरळ आत येतं, पिवळं-नारिंगी, तेव्हा तोच ग्रे बरा दिसायला लागतो. म्हणजे सासूबाई सकाळी घरात असतात म्हणून त्यांना अंधार दिसतो आणि सूनबाई ऑफिसवरून संध्याकाळी येते म्हणून तिला ग्रे छान वाटतो, दोघी खऱ्या! हे वाक्य वहिनींनी हसत टाकलं, आणि त्या दिवशी इनबॉक्समध्ये अजून तीन जणींनी आपापल्या सासूचं सांगितलं.

ताईंनी पाचशे भरले, वहिनी घरी गेल्या, मीपण फोटो काढायला गेलो. आणि तिथे असं दिसलं जे फोनवर कोणीच सांगितलं नसतं. बाल्कनीला हिरवी जाळी. उन्हाळ्यात नागपुरात अर्ध्या बाल्कन्यांना ती लागते, पंचेचाळीसच्या पुढे पारा गेला की दुसरा इलाजच नसतो, आणि मग पावसाळा गेला तरी ती कोणी काढत नाही. त्या जाळीतून येणारा उजेड हिरवट असतो. क्रीम भिंत मळकट दिसत होती ती त्यामुळेही, आणि ताईंच्या मनातला निळसर ग्रे तिथे लावला असता तर दुपारी शेवाळ्यासारखा दिसला असता. जाळी मार्चमध्ये परत लागणारच म्हणून ‘काढून टाका’ हा सल्ला काही कामाचा नव्हता.

वहिनींनी काय केलं, तीन शेड काढल्या, तिन्ही मातकट बाजूच्या ग्रे, आणि तिन्ही हलक्या. शेड किती उजेड परत फेकते त्याचा शून्य ते शंभर असा आकडा असतो, एलआरव्ही म्हणतात, काळा शून्याजवळ, पांढरा शंभराजवळ. सासूबाईंच्या अंधाराचं उत्तर तिथे आहे, साठच्या वरची शेड घेतली तर ग्रे असूनही खोली काळवंडत नाही. तिन्हींचे नमुने भिंतीवर न मारता जाड कार्डशीटवर मारले, प्रत्येकी दोन हात, पहिला वाळल्यावर दुसरा. कार्डशीट का, तर ती हलवता येते, बाल्कनीजवळ ठेवा, आतल्या कोपऱ्यात ठेवा, सोफ्यामागे ठेवा. आणि जुन्या क्रीम भिंतीवर सरळ पॅच मारला की आजूबाजूचा क्रीम डोळ्याला फसवतो, त्याच्या शेजारी कुठलाही ग्रे निळाच दिसतो, म्हणून शीटच्या चारी बाजूंनी दोन बोटं पांढरी कड सोडली. मग ताईंना सांगितलं की सकाळी दहाला, दुपारी चारला आणि रात्री ट्यूबलाइट लावून बघा. त्यांच्या हॉलमध्ये पांढरी ट्यूब आणि फॉल्स सीलिंगमध्ये पिवळे लाइट, दोन्ही होते, तर दोन्ही वेगवेगळे लावून बघा. एका शेडने पिवळ्या लाइटमध्ये गुलाबी झाक दाखवली, ती तिथेच बाद झाली.

उरल्या दोन. आणि इथे पोल लावला, ताईंना विचारून, त्यांच्याच हॉलच्या फोटोवर. मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला हाच मुद्दा बाकीच्या दुकानवाल्यांनी उचलावा असा आहे. ‘हा का तो’ पोल वाईट नाही, पण त्याची जागा शेवटी आहे. दोन्ही शेड भिंतीच्या परीक्षेत पास झालेल्या असल्या, दोन्ही त्याच बजेटमध्ये बसत असल्या, तेव्हा लोकांनी काहीही निवडलं तरी गिऱ्हाइकाचं नुकसान होत नाही. सुरुवातीला पोल लावला की लोक अशा रंगाला मत देतात जो त्या खोलीत चालणारच नाही, आणि मग ताई म्हणतात पण सत्तर टक्के लोकांना टील आवडला होता, आणि वहिनींना एकट्यांना सत्तर टक्क्यांशी भांडावं लागतं.

पोलच्या आधी स्टोरीत जाळीचा फोटो, कार्डशीटचे तीन वेळचे फोटो, बाद झालेली गुलाबी शेड, हे सगळं क्रमाने लावलं होतं. त्या दिवशी मत देणारे फार नव्हते, पण ‘आमच्याकडेपण हिरवी जाळी आहे’ असे मेसेज यायला लागले. जाळीने जेवढ्या कन्सल्टेशन आणल्या तेवढ्या कुठल्या शेडने नाही आणल्या.

फोटोचं सांगायलाच पाहिजे, कारण रंग विकणाऱ्याचा सगळ्यात मोठा घात फोनच करतो. कॅमेरा पांढरेपणा स्वतःच ठरवतो, पिवळ्या भिंतीचा फोटो काढला की तो पिवळा कमी करून टाकतो, पुढच्या फोटोत निळा आला की परत बदलतो. आणि बघणाऱ्याच्या फोनला रात्री पिवळा मोड लागलेला असतो, कोणाचा ब्राइटनेस अर्धा, कोणाचं स्क्रीनगार्ड पिवळं पडलेलं. म्हणून आम्ही ठरवलं की शेडच्या शेजारी नेहमी एक कोरा ए-फोर कागद ठेवायचा, फोकस आणि एक्सपोजर लॉक करून सगळे नमुने एकाच फ्रेममध्ये घ्यायचे, वेगवेगळे फोटो जोडायचे नाहीत, फिल्टर तर अजिबात नाही. कागद फोटोत निळा-पिवळा दिसला की बघणाऱ्यालाही कळतं की शेडमध्येही तेवढी गडबड आहे. आणि प्रत्येक वेळी खाली लिहायचं, ‘शेड फोनवर ठरवू नका, कार्डशीट घरी घेऊन जा’. हे लिहिल्याने विक्री कमी होईल अशी दादांना भीती होती. पण मशीनवर टिंट केलेला डबा परत घेता येत नाही, तो दुसऱ्या कोणाला विकता येत नाही, आणि काउंटरवरची सगळी भांडणं याच एका गोष्टीवरून होतात. कार्डशीट घ्यायला माणूस दुकानात येतो, हा वर फायदा.

ताईंच्या हॉलचा हिशोबही सांगतो, कारण तो स्टोरीत टाकला होता आणि ‘रेट काय’ वाल्यांना तोच पाठवतो आम्ही. हॉल बारा बाय चौदा, उंची दहा. चारी भिंतींची लांबी बावन्न फूट, गुणिले दहा, पाचशे वीस. त्यातून दरवाजा, बाल्कनीचा मोठा दरवाजा आणि एक खिडकी मिळून ऐंशीच्या आसपास वजा, राहिले साधारण चारशे चाळीस चौरस फूट. चांगली पुट्टी असलेल्या गुळगुळीत भिंतीवर चांगला इंटिरियर इमल्शन दोन हात धरून लिटरमागे साठ ते सत्तर फूट जातो, पासष्ट धरू. पावणेसात लिटर. म्हणजे चार लिटरचा एक आणि एक-एक लिटरचे तीन डबे. छत वेगळं, ते पांढरं. पण ताईंना सोफ्यामागची चौदा फुटांची भिंत गडद हवी होती. ती एकशे चाळीस फूट, आणि गडद असल्याने तीन हात धरा, तर सव्वातीन लिटर, उरलेल्या तीनशेला साडेचारच्या थोडं वर. एका भिंतीने सगळा हिशोब फिरतो, डबे फिरतात, बेस बदलतो. हे एकदा बघितलं की ‘हॉलचं किती होईल’ हा प्रश्न माणूस परत तसा विचारत नाही, लांबी-रुंदी-उंची पाठवतो. आणि एक, एका शेडचा सगळा माल एकदमच टिंट करून घ्यायचा आणि भिंतीला लावायच्या आधी डबे एकमेकांत मिसळून घ्यायचे, नाहीतर डब्याडब्यात केसाएवढा फरक पडतो आणि तो बरोबर भिंतीच्या मध्यावर दिसतो.

क्विझचं प्रकरण वेगळं गेलं. क्विझमध्ये एक उत्तर बरोबर असावं लागतं, म्हणून आवडीनिवडीवर क्विझ लावणं म्हणजे लोकांना चूक ठरवणं. ‘छोट्या खोलीला कोणता रंग?’ असा क्विझ लावून पांढरा बरोबर दाखवला की निळ्या खोलीत सुखाने राहणारा माणूस चिडतो. आमचा चाललेला क्विझ कूलरचा होता. ‘खिडकीखालच्या भिंतीचा रंगच का सुटतो, बाकीच्या का नाही?’ नागपुरात हे घरोघरी आहे, खिडकीत कूलर, तीन-चार महिने त्याचं पाणी आणि ओल भिंतीत मुरते, आणि ऑक्टोबरपर्यंत पोपडे. बरोबर उत्तर कूलरची ओल. पण वहिनींनी एक पर्याय गमतीने ‘पेंटरने प्रायमर मारलाच नाही’ असा टाकला आणि सगळ्यात जास्त मतं त्यालाच! दुसऱ्या दिवशी एक जुने ठेकेदार काउंटरवर येऊन दादांना बोलले, "भाऊ, आमच्या भरोशावर दुकान आणि आमचीच इज्जत काढून राहिले का?" नागपुरात बरेचसे डबे पेंटरच्या शब्दावर जातात, गिऱ्हाईक ब्रँडही त्यालाच विचारतं, त्यामुळे हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तसले पर्याय तिथून पुढे बंद, आणि पुढच्या स्टोरीत तेच ठेकेदार खिडकीखालची भिंत खरवडताना दाखवले, ओल असेल तर ते कसं ओळखतात, हाताचा उलटा भाग लावून, रात्रभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून चिकटवून, सकाळी आतून पाणी साचलं की भिंत ओली. मग रंग विकायचा नाही, आधी वाळू द्यायची. त्या क्विझला चुकीचं उत्तर दिलेल्यांना आम्ही हा व्हिडिओ पाठवला, बरोबरवाल्यांना नाही. चुकलेल्यालाच पुढचं ऐकायचं असतं.

वेळेचं गणित इथल्या कॅलेंडरवर आहे, आणि बाहेरच्या एजन्स्या इथेच मार खातात. दसरा ते लक्ष्मीपूजन वीस दिवस. टूबीएचकेचं काम खरवडणं-पुट्टी धरून आठ-दहा दिवस खातं आणि त्या वीस दिवसांत चांगला पेंटर रिकामा नसतोच. म्हणून ‘दिवाळीआधी रंग काढताय का’ हा पोल दसऱ्यानंतर लावला तर त्याचा उपयोग शून्य. आम्ही पितृपक्षात लावला. पितृपक्षात लोक खरेदी करत नाहीत, नवीन काही सुरू करत नाहीत, दुकान ओस असतं, पण विचार करायला, शेड बघायला, सासूबाईंशी वाद घालायला कोणाची ना नसते. पंधरा दिवस बोलणं चालायचं आणि घटस्थापनेपासून बुकिंग. फक्त दसऱ्याच्या आजूबाजूला दीक्षाभूमीला लाखोंनी लोक येतात, तिकडचे रस्ते वळवलेले असतात, तेव्हा त्या बाजूच्या घरांची भेट ठेवायची नाही एवढं वहिनींनी पाळलं. रोजची वेळ रात्री नऊनंतरची, जेवणं झाल्यावर, कारण रंग हा निर्णय एकटा माणूस घेत नाही, फोन हातोहात फिरतो तेव्हाच स्टोरी कामाची. आणि स्टिकर मधोमध लावा, कडेला लावला की बोट बाजूला पडतं आणि पुढची स्टोरी लागते.

विकलं किती? दादांनी बिलबुकात एक सोपं काम केलं, जे गिऱ्हाईक स्टोरीतून आलं त्याच्या बिलावर कोपऱ्यात ‘स्टो’ लिहायचं, आणि शेजारी कुठल्या स्टिकरमधून ते. त्या चाळीसेक ‘हो, ठरलंय’ वाल्यांपैकी निम्म्यांनी मेसेजला उत्तर दिलं, डझनभर लोकांनी खोलीचे फोटो पाठवले, त्यातून कन्सल्टेशन झाल्या पाच-सहा आणि एक सोडून सगळ्यांनी रंग इथूनच घेतला. क्वेश्चन स्टिकरमधून माणसं कमी आली पण जी आली त्यातली जवळपास सगळी टिकली. क्विझमधून बिल असं सरळ एकही नाही, ओलीच्या भिंतीवाले दोघे नंतर प्रायमर आणि वॉटरप्रूफिंग घेऊन गेले, त्यांना ‘स्टो’ लिहायचं का नाही यावर दादा आणि माझं अजून एकमत नाही.

आणि स्टोरीची मर्यादा पण आहे. ती मुख्यतः जे आधीच फॉलो करतात त्यांनाच दिसते, नवीन माणूस तिच्यातून फारसा येत नाही. चाळीस ठरलेली नावं एकदा चाळून झाली की पुढच्या आठवड्यात तोच पोल लावून तेवढी परत निघत नाहीत, आमची चार-पाचच निघाली. नवीन फॉलोअर दुकानातूनच येतात, बिल देताना दादा क्यूआर पुढे करतात, पेंटर आपल्या साइटचे फोटो टॅग करतात, तिथून. मग त्यांना पुढच्या पोलमध्ये चाळून घ्यायचं.

‘पुढच्या वर्षी’ वर मत दिलेल्यांना तेव्हा कोणी मेसेज केला नाही, तसं लिहिलंच नव्हतं. त्यांना अक्षय्य तृतीयेच्या आधी एक वेगळी स्टोरी दाखवायची ठरली आहे, ‘घरात यंदा लग्न किंवा वास्तू आहे का?’, कारण नागपुरात उन्हाळ्यात भर उन्हात घर रंगवणारा माणूस बहुतेक या दोन कारणांनीच रंगवतो. तेव्हा जाळ्या लागलेल्या असतील आणि कूलर चालू असतील, म्हणजे कार्डशीट जाळी लावलेल्या उजेडातच बघायची आणि खिडकीखालची भिंत कामातून वगळायची, हे वहिनींनी आताच लिहून ठेवलंय.